आशा रोकडी हवी

भिलाईत कुणाचं काम सुटलं की ते लगेच समजत नाही. माणूस रोजच्या वेळेला सायकल किंवा गाडी काढतो, डबा घेतो आणि निघतो. फरक एवढाच की तो प्लांटच्या गेटकडे जात नाही, तर हथखोज, जामुल, खुर्सीपार असं फिरत कुठे माणूस हवा आहे का हे विचारत राहतो. ठेक्याच्या कामाचं असंच असतं. टेंडर संपलं की गेटपास थांबतो, आणि पुढचा ठेकेदार तीच माणसं घेईल याची खात्री नसते. १९५९ मध्ये इथली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून कितीतरी मराठी कुटुंबं नागपूर, भंडारा, अमरावतीकडून इथे आली आणि स्थिरावली. एकेकाळी या प्लांटमध्ये पन्नास हजारांहून जास्त कायम कामगार होते. आज ती संख्या त्याच्या जवळपासही नाही आणि बरंचसं काम ठेक्यावर चालतं. घरात पगार येवो न येवो, तेल, डाळ, सिलिंडर आणि शाळेची फी यांचे आकडे मात्र वर जातच राहतात.

अशा घरातली माणसं देवळात, विहारात, चर्चमध्ये, हरिपाठाला किंवा सत्संगाला येऊन बसतात. समोर जो कोणी बोलायला उभा राहतो त्याची मोठी पंचाईत होते. “सगळं ठीक होईल” म्हणावं तर ते खोटं ठरू शकतं. “हे तुमचं नशीब” म्हणावं तर समोरचा आणखी खचतो. मग अशा माणसांसमोर बोलायचं तरी काय?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात सरळ उत्तर एका वऱ्हाडी माणसाने दिलं आहे. त्याने आयुष्यभर अशाच लोकांसमोर कीर्तन केलं. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

कर्ज बघितलेला कीर्तनकार

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामाच्या घरी वाढले, आणि तिथेच मामाची शेती सावकाराच्या कर्जात जाताना त्यांनी पाहिली. शाळा झाली नव्हती, पण व्याज माणसाला कसं खातं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१९०५ साली ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात झाडू आणि खापराचं एक गाडगं. कुठल्याही गावात गेले की दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आधी काम, मग भाकर आणि मग बोलणं, असा त्यांचा क्रम होता. रात्री कीर्तनाला जमलेल्या लोकांनी या माणसाला दिवसा आपली गटारं साफ करताना पाहिलेलं असे, म्हणून त्याचं बोलणं ते वेगळ्या कानांनी ऐकत.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. नावातच कर्जातून सुटका आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते, आणि इथे स्नान केलं की ऋण फिटतं अशी श्रद्धा आहे. गाडगेबाबांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक याच ठिकाणचं. त्यांनी तिथे घाट बांधायचं मनावर घेतलं. १९०८ हे या घाटाचं साल सांगतात. नदीत बुडी मारून सावकाराची वही कोरी होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण चिखलात घसरणाऱ्या म्हाताऱ्या बाईला दगडाची पायरी मिळाली तर ती पडणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. ऋण फिटेल असं आश्वासन त्यांनी दिलं नाही, पायरी मात्र दिली.

बुडालेलं जहाज

गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याला झालं. त्याचं ध्वनिमुद्रण झालं होतं आणि ते आजही ऐकायला मिळतं. त्यानंतर दीडेक महिन्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला त्यांचं निधन झालं. ते मुद्रण ऐकलं तर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की बाबा एकटे बोलत नाहीत. ते प्रश्न विचारतात आणि हजारो माणसं एका आवाजात उत्तर देतात. मग त्याच उत्तरावर पुढचा प्रश्न येतो. शेवटी निष्कर्ष लोकांच्याच तोंडून निघतो, त्यामुळे तो त्यांचाच होतो.

त्यांच्या कीर्तनातला एक भाग खूप गाजलेला आहे. सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद घेतल्यावर साधुवाण्याचं बुडालेलं जहाज वर येतं. बाबा लोकांना म्हणत, की महायुद्धात कितीतरी जहाजं समुद्रात बुडाली आहेत. तर मग एक पूजा घालून त्यातलं एखादं तरी वर काढून दाखवा. लोक खळखळून हसत. हसता हसता त्यांना कळे की गेलेली संपत्ती नवसाने परत येते हा हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

हे ऐकून कुणाला वाटेल, की आधीच सगळं गेलेल्या माणसाची उरलीसुरली आशाही या माणसाने काढून घेतली. पण बाबा तिथे थांबत नसत. कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून यात्रा करू नका, दारू पिऊ नका, हे ते सांगत. आणि घरात भांडं नसलं तर भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला स्वस्तातलं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, हेही सांगत. म्हणजे कशात काटकसर करायची आणि कशात अजिबात करायची नाही, हे दोन्ही ते एकाच दमात सांगत.

गाडगेबाबांच्या नावाने ओळखली जाणारी दशसूत्री मराठी घरांत अनेकांना माहीत आहे. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला रोजगार, मुक्या प्राण्याला अभय, गरीब मुलामुलींचं लग्न आणि शेवटी दुःखी, निराश माणसाला हिंमत. यालाच ते रोकडा धर्म म्हणत. रोकडा म्हणजे रोखीचा. पुढच्या जन्मी मिळेल, पुढच्या वर्षी मिळेल अशी उधारी त्यात नाही.

या यादीत हिंमत दहावी येते हे मला फार महत्त्वाचं वाटतं. क्रम कुणी मुद्दाम तसा लावला असेल किंवा नसेल. पण पोटात काही नसताना नुसती हिंमत द्यायला गेलं तर ती टिकत नाही, हे भिलाईतल्या कुठल्याही गृहिणीला विचारा. आधीच्या नऊ गोष्टींतली एखादी तरी हातात पडली की दहावी आपोआप यायला लागते.

हेच प्रवचन आज, इथे

आता समजा, भिलाईतल्या एखाद्या मराठी मंडळींच्या सभेत याच रीतीने बोलायचं आहे. सेक्टरमधला हॉल असेल, कॅम्पमधलं देऊळ किंवा विहार असेल. साठेक घरांतली माणसं बसली आहेत. त्यातल्या काहींचं काम गेलं आहे, पण ते कोण हे सगळ्यांना माहीत नाही. ते प्रवचन साधारण असं होईल.

“मंडळी, बसा. माझ्या हातात आज पोथी नाही. मी नुसतं विचारतो, तुम्ही सांगा. मागच्या वर्षीच्या मानाने घरखर्च वाढला की कमी झाला?”

“वाढला!”

“पगार तेवढाच वाढला?”

“नाही!”

“मग मधली तूट कुठून भरली? कुणी दुकानात उधारी वाढवली असेल. कुणी पोरीच्या लग्नासाठी जमवलेलं मोडलं असेल. कुणी व्याजाने काढलं असेल. हात वर करू नका. मला नावं नकोत. आपण कुणीच एकटे नाही, एवढंच तुमच्या कानावर घालायचं आहे.

“आता दुसरं विचारतो. ज्याचा ठेका संपला, त्याने काही चोरी केली होती का?”

“नाही!”

“कामात कसूर केली होती?”

“नाही!”

“मग तो खाली मान घालून का फिरतो? सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर पॉवर हाऊसला बसून परत येतो. बायकोला सांगत नाही, शेजाऱ्याला सांगत नाही. अहो, काम गेलं हे संकट आहे, पाप नाही. पाप समजून लपवलं की मदत करणाऱ्यालाही कळत नाही मदत कुठे करायची. आज घरी जाऊन निदान घरात खरं सांगा. पोरांनाही सांगा, त्यांना झेपेल तेवढं. बाप चिडतो का हे पोराला कळलं नाही, तर ते पोर समजतं की आपलंच काहीतरी चुकलं.

“आता तिसरी गोष्ट, व्याजाची. शेकडा पाच ऐकलंय ना? ऐकायला लहान वाटतं. समजा, एकाने वीस हजार घेतले. शेकडा पाच म्हणजे शंभराला महिन्याचे पाच. वीस हजाराला महिन्याचे किती?”

“हजार!”

“वर्षाचे?”

“बारा हजार!”

“बारा हजार देऊन झाले. मुद्दल किती उरली?”

इथे सभेत शांतता होईल. कारण मुद्दल वीस हजारच उरलेली असते, एक रुपयाही कमी झालेली नसते.

“म्हणजे वर्षभर घाम गाळला आणि माणूस जिथे होता तिथेच राहिला. म्हणून सांगतो, हे व्याज दवाखान्यासाठी नाइलाजाने डोक्यावर आलं असेल तर ते आधी फेडायचं बघा. दुसरी काही बचत असेल तर आधी इकडे लावा. पण हेच व्याज बारशासाठी, साखरपुड्यासाठी, लोक काय म्हणतील यासाठी काढणार असाल, तर आज मी तुम्हाला सगळ्यांसमक्ष मोकळं करतो. या वर्षी या सभेतल्या कुणाच्या घरी कार्य झालं आणि नुसता चहा मिळाला, तर आपण चहा पिऊन आशीर्वाद देऊन येऊ. कबूल?”

“कबूल!”

“नाव ठेवणार?”

“नाही!”

“आता शेवटचं. मी तुम्हाला असं सांगणार नाही, की अमुक दिवस अमुक केलं की नोकरी परत मिळेल. मला ते माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे असं तो म्हणतो त्यालाही माहीत नाही. सहा महिन्यांनी काम मिळेलही, नाही मिळालं तर दुसऱ्या गावी जावं लागेल. ते सोपं नाही. पण सहा महिने या सभेतलं एकही पोर उपाशी झोपणार नाही आणि एकाचीही शाळा सुटणार नाही, एवढं आपण साठ घरं मिळून करू शकतो की नाही?”

उठण्याआधीचा हिशेब

गाडगेबाबांची रीत पाळायची तर प्रवचन इथे संपत नाही. टाळ्या वाजल्या आणि सगळे घरी गेले, तर ती उधारीच झाली. म्हणून लोक उठण्याआधी काहीतरी रोकडं ठरायला हवं.

छत्तीसगडमध्ये पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं आणि पोरं दारोदार जाऊन धान मागतात. कुणीही रिकाम्या हाताने पाठवत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात शाळा-वसतिगृहांसाठी मुष्टिफंडाची रीत होती. बाई स्वयंपाकाला बसली की मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकायची. या दोन्ही रीती भिलाईच्या मराठी घरांना परक्या नाहीत, आणि हिशेबही सोपा आहे. एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम तांदूळ धरला तर साठ घरांचे रोजचे तीन किलो होतात. महिन्याला नव्वद किलो. एका घराला पंधरा किलो दिला तर सहा घरांना आधार मिळतो. देणाऱ्या घरातून महिन्याला फक्त दीड किलो तांदूळ जातो. एवढ्याने सहा घरांचा किराणा भागत नाही, पण चूल थांबत नाही.

ही मदत कशी पोहोचते यावर सगळं अवलंबून आहे. नावं वाचून, फोटो काढून, माळ घालून दिलेली पिशवी घेताना माणूस आतून मोडतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. त्यापेक्षा सभेने एक स्त्री आणि एक पुरुष असे दोघे विश्वासाचे नेमावेत. ज्याला सांगायचं त्याने त्यांना एकट्यात सांगावं. पिशवी संध्याकाळी घरी जावी आणि कुणाच्या घरी गेली हे त्या दोघांपलीकडे कुणाला कळू नये. आणि ज्याच्या घरी ती गेली, त्यालाही काहीतरी द्यायची संधी असावी. वेल्डर असेल तर तो देवळाचं गेट जोडून देईल, फिटर असेल तर पंप बघेल. गाडगेबाबा भाकरीआधी काम मागत यात हेच होतं. घेणाऱ्याचा हात खाली राहू नये, म्हणून.

दुसरं रोकडं काम कागदाचं. ठेक्यावरच्या कितीतरी कामगारांना आपल्या हक्काचं किती आहे हेच ठाऊक नसतं. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला गेला असेल तर तो खात्यावर जमा झाला की नाही हे मोबाइलवर पासबुकात बघता येतं. ठेकेदाराने शेवटच्या महिन्याची मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. पण त्यासाठी हजेरीचा, गेटपासचा, बँकेत आलेल्या पगाराचा पुरावा लागतो. म्हणून गेटपास परत करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. सभेत अशी शिकलेली दोन-चार मुलं असतातच. त्यांनी रविवारी दोन तास टेबल मांडून बसावं आणि ज्याला हवं त्याचा अर्ज लिहून द्यावा. सभेतल्या तरुणांनी देवाची एवढी सेवा केली तरी पुष्कळ झाली.

कीर्तन कुठे कमी पडतं

या रीतीची एक मर्यादा मात्र ओळखायला हवी. काटकसरीचं प्रवचन चुकीच्या माणसासमोर केलं तर तो आरोप होतो. जी बाई गेले चार महिने एका वेळचीच भाजी करते आहे, तिला “खर्च कमी करा” सांगणं म्हणजे तुझ्या गरिबीला तूच जबाबदार असं सांगण्यासारखं आहे. गाडगेबाबांचे शब्द दारू, नवस आणि देखाव्याच्या लग्नांवर होते. तिथे पैसा खरोखर गळत होता. जिथे गळतीच नाही तिथे वरून ओतायला हवं, म्हणजे काम आणि मजुरी हवी. ती कीर्तनातून येत नाही.

हे भिलाईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. इथून दक्षिणेला दल्ली-राजहरा आहे, जिथून प्लांटला लोहखनिज येतं. तिथल्या ठेका खाणकामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्यासोबत स्वतःची संघटना उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात त्यांचे अकरा साथी गेले. पुढे मजुरी वाढली आणि मजुरीसोबत दारूचा खर्चही वाढायला लागला. तेव्हा त्याच संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. गाडगेबाबांच्या यादीतला रोजगार आणि औषध या दोन्ही गोष्टी इथे एकत्र आल्या. मजुरीसाठी भांडणं आणि मिळालेली मजुरी वाया जाऊ न देणं, ही दोन्ही कामं एकाच संघटनेने केली.

हा रस्ता स्वस्त नव्हता, हेही सांगायला हवं. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामावरून काढलेल्या ठेका कामगारांची लढाई चालू असताना, २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींचा भिलाईतच खून झाला. १ जुलै १९९२ ला पॉवर हाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून जास्त माणसं गेली. म्हणून एकजूट केली की सगळं मिळतं, असंही या गावात कुणी उठून सांगू नये. तेही उधारीचंच आश्वासन होईल.

खरी आशा ओळखायची कशी

आजकाल मोबाइलवर रोज कुणी ना कुणी आशा विकत असतं. एकवीस दिवसांत नोकरी, घरातली तिजोरी अमुक दिशेला ठेवा, अमुक रक्कम अर्पण करा आणि दसपट मिळवा. धर्म कुठलाही असो, बोलणारा कितीही गोड असो, त्याला तपासायचे दोन प्रश्न मी स्वतःपुरते ठरवले आहेत.

पहिला प्रश्न असा, की हे वाक्य सहा महिन्यांनीही बेकार असलेल्या माणसासमोर उभं राहील का? “तुला लवकरच मोठी नोकरी मिळेल” हे वाक्य सहा महिन्यांनी त्या माणसाला जखम करतं, कारण मग त्याला वाटतं आपली श्रद्धाच कमी पडली. “तुझ्या पोराची फी या तिमाहीत आम्ही बघतो” हे वाक्य सहा महिन्यांनीही खरं असतं.

दुसरा प्रश्न असा, की सभा संपल्यावर पैसा कुठल्या दिशेला गेला? गाडगेबाबांच्या कीर्तनातून जमलेल्या मदतीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, सदावर्तं चालली. त्यांचं स्वतःचं कुटुंब मात्र झोपडीत राहिलं. त्या संस्थांमधून घरच्यांनी काही घेऊ नये, याबद्दल बाबा कडक होते. जिथे ऐकणाऱ्याचा खिसा हलका होतो आणि बोलणाऱ्याचा जड, तिथे आशेच्या नावाखाली दुसराच व्यवहार चालू आहे असं समजावं.

या महिन्यात तुमच्या ओळखीत कुणाचं काम गेलं असेल तर त्याला सुविचार पाठवण्याआधी दशसूत्री एकदा आठवून बघा. त्यातल्या पहिल्या नऊ गोष्टींपैकी आपल्याकडून कुठली एक होण्यासारखी आहे? एखाद्याला फॉर्म भरायला मदत लागत असेल. एखाद्याला दुसऱ्या शहरात मुलाखतीला जायचं असेल आणि तिकीटाचे पैसे नसतील. एखाद्या घरी फक्त एवढंच हवं असेल, की पोरं शाळेतून आली की दोन तास कुणीतरी सांभाळावीत म्हणजे आईला काम शोधायला बाहेर पडता येईल. जे जमेल ते विचारून, गाजावाजा न करता करा. त्यानंतर हिंमतीचे दोन शब्द बोललात तर ते त्याला ऐकू येतील.